अर्क किती आणि वास किती वेळ

परफ्यूमच्या दुकानात एकाच नावाच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीवर ‘ओ द त्वालेत’, दुसरीवर ‘ओ द पार्फम’, तिसरीवर नुसतेच ‘पार्फम’. किंमत चढत जाते, बाटली बहुधा लहान होत जाते, आणि काउंटरपलीकडून सांगितले जाते की ईडीटी तीन-चार तास, ईडीपी सहा-आठ तास आणि पार्फम दिवसभर. हे सांगणे अगदीच खोटे नाही. पण त्यामागचे कारण म्हणून जे गृहीत धरले जाते, म्हणजे अर्क जितका जास्त तितका वास जास्त वेळ, ते फार तर अर्धे खरे आहे. सुगंधाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला उरलेल्या अर्ध्याची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी नावे समजून घेऊ. फवारणीच्या परफ्यूममध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात: सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, अल्कोहोल आणि थोडे पाणी. या मिश्रणाला आपल्याकडच्या कारखान्यांत ‘कंपाउंड’ म्हणतात, ग्राहक त्याला ‘तेल’ म्हणतो. इथे आपण त्याला अर्क म्हणू. पार्फम, म्हणजेच जुन्या नावाने एक्स्ट्रे, यात अर्क साधारण २० ते ३० टक्के असतो. ओ द पार्फममध्ये १५ ते २० टक्के, ओ द त्वालेतमध्ये ८ ते १२ टक्के आणि कोलोनमध्ये २ ते ५ टक्के. हे आकडे रूढीचे आहेत, कायद्याचे नाहीत. १४ टक्क्यांच्या मिश्रणाला एक कंपनी ईडीपी म्हणेल, दुसरी ईडीटी म्हणेल, आणि दोघींपैकी कुणालाही जाब विचारता येणार नाही. अर्काची टक्केवारी बाटलीवर छापलेलीही नसते. खोक्यावर ‘८० टक्के व्हॉल्यूम’ असे काही दिसले तर हुरळून जाऊ नये. तो आकडा अल्कोहोलचा असतो. ८० टक्के अर्काचा परफ्यूम स्वस्तात मिळाला म्हणून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत.

अल्कोहोल आणि पाण्याचे प्रमाणही मनमानी नसते. सुगंधी तेले अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. म्हणून अर्क वाढवला की पाणी कमी करावे लागते, नाहीतर बाटलीतले द्रव ढगाळ, दुधट दिसू लागते. कोलोनमध्ये अर्क थोडा असल्याने पाण्याला जागा असते, आणि अंगावर घेताच वाटणारा थंडावा उडणाऱ्या अल्कोहोलचा व या पाण्याचा असतो. जुन्या मराठी घरांत ताप चढला की कपाळावर युडीकोलनच्या घड्या ठेवीत, त्या या थंडाव्यासाठीच.

या कोलोनपासूनच सुरुवात करणे मला सोयीचे वाटते, कारण अर्क आणि टिकाव यांचा संबंध किती तिरपा आहे हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेला योहान मारिया फरीना हा मूळचा इटालियन. १७०९ साली स्थापन झालेली फरीना ही पेढी तिथे आजही चालू आहे. त्याच्या सुगंधी पाण्यात बर्गमॉट, लिंबू, संत्रे अशा फळांच्या सालींची तेले मुख्य होती. हा वास युरोपला इतका आवडला की शहराचे नाव एका अख्ख्या प्रकाराला मिळाले. नेपोलियनकडे या पाण्याच्या बाटल्या डझनांनी लागत. इतक्या का लागत, याचे उत्तर ते वापरण्याच्या रीतीत आहे. कोलोनचे थेंब लावत नाहीत. ते ओंजळीत घेऊन मान, छाती, दंड यांवर चोळतात.

आता साधा हिशेब करू. एकाने चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर कोलोन अंगाला चोळले. त्यात ४ टक्के अर्क धरला तर अंगावर ०.२ मिलिलिटर अर्क आला. दुसऱ्याने २५ टक्क्यांच्या पार्फमच्या बाटलीचे काचेचे बूच कानामागे आणि मनगटांना टेकवले. सगळे मिळून ०.१ मिलिलिटर पार्फम लागले. त्यात अर्क ०.०२५ मिलिलिटर, म्हणजे अत्तराच्या जेमतेम अर्ध्या थेंबाएवढा. (घनतेचा बारीक फरक इथे सोडून दिला आहे.) ज्याला आपण सगळ्यात पातळ म्हणतो त्या प्रकाराच्या माणसाने सगळ्यात दाट प्रकाराच्या माणसापेक्षा आठपट अर्क अंगावर घेतला. तरीही दुपारपर्यंत कोलोनचा मागमूस राहत नाही आणि पार्फम रात्रीपर्यंत मनगटावर सापडते. अर्काच्या प्रमाणावरच टिकाव ठरत असता तर याच्या उलट व्हायला हवे होते.

उत्तर अर्काच्या आत आहे. अर्क म्हणजे एक तेल नव्हे. त्यात वीस-पंचवीसपासून शंभराच्या वर द्रव्ये असू शकतात आणि प्रत्येकाची उडण्याची चाल वेगळी असते. विल्यम पाउचर या ब्रिटिश सुगंधतज्ज्ञाने विसाव्या शतकात एक काम चिकाटीने केले. कागदी पट्ट्यांवर एकेक द्रव्य लावायचे, ते किती वेळ ओळखू येते ते पाहायचे आणि त्याला १ ते १०० मधला आकडा द्यायचा. १ ते १४ आकड्यांची द्रव्ये त्याने वरच्या थरात घातली, १५ ते ६० मधल्या आणि ६१ ते १०० तळाच्या. लिंबू-बर्गमॉट पहिल्या गटात पडतात. चंदन, वाळा आणि पचौली यांना त्याने पूर्ण १०० दिले. लिंबाच्या सालीतला मुख्य रेणू, लिमोनीन, लहान आणि हलका आहे. चंदनातला सँटॅलॉल मोठा, जड, आणि त्वचेला धरून बसणारा. कोलोनमध्ये जवळजवळ सगळा भर पहिल्या गटावर असतो. शिवाय ते मोठ्या पृष्ठभागावर पातळ पसरलेले असते, त्यामुळे आणखी लवकर उडते.

मग अर्क वाढवल्याने काहीच होत नाही का? होते, पण किती होते ते समजून घेण्यासारखे आहे. अल्कोहोल काही मिनिटांत उडून जाते. त्यानंतर त्वचेवर अर्काचा एक पापुद्रा उरतो. बाटली ईडीटीची होती की ईडीपीची, हे या पापुद्र्याला ठाऊक नसते. अर्काची कृती तीच असेल तर फरक फक्त पापुद्रा किती जाड आहे एवढाच. त्यातले एखादे द्रव्य ठरावीक काळात निम्मे होते, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मे, असे ढोबळमानाने धरता येते. म्हणजे सुरुवातीला दुप्पट अर्क घातला तर टिकाव दुप्पट होत नाही. तो निम्मे होण्याच्या एका फेरीने लांबतो, बस्स.

समजा, एक लिंबूवर्गीय द्रव्य वीस मिनिटांत निम्मे होते आणि एक चंदनी द्रव्य चार तासांत. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. त्वचा, ऊन, घाम यांप्रमाणे ते बदलतील. दुप्पट अर्काने लिंबाला वीस मिनिटे जास्त मिळाली आणि चंदनाला चार तास. आठपट अर्क म्हणजे तीनदा दुप्पट. लिंबाला तासभर, चंदनाला बारा तास. वरच्या उदाहरणातला कोलोनवाला आठपट अर्क अंगावर ओतून जेमतेम तासभर विकत घेतो, तो असा. लिंबाचा वास दिवसभर टिकवायचा म्हणून ३० टक्क्यांचे कोलोन बनवणे हा पैशाचा चुराडा आहे. टक्केवारी किती फेऱ्या मिळतील ते सांगते. एक फेरी किती मोठी, हे द्रव्य ठरवते, आणि टिकावाच्या बाबतीत दुसऱ्याचे वजन पहिल्यापेक्षा नेहमी जास्त पडते.

नाकाचाही यात वाटा आहे. हवेतले रेणू दुप्पट झाले म्हणून वास दुप्पट तीव्र जाणवत नाही. जाणीव त्याहून बरीच हळू वाढते. वर, सतत येणाऱ्या वासाकडे नाक थोड्या वेळात दुर्लक्ष करू लागते. ‘माझ्यावर परफ्यूम टिकतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला विचारावे. त्याचे मत अनेकदा निराळे असते.

इथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. अर्काची कृती तीच ठेवून फक्त अल्कोहोल कमी केले की ईडीटीचे पार्फम होते का? बहुधा नाही. शनेल नंबर ५ घ्या. अर्नेस्ट बो याने १९२१ मध्ये घडवले ते पार्फम. आज त्याच नावाने मिळणारे ओ द पार्फम १९८६ चे आहे, झाक पोल्झ याने रचलेले. ती मूळ पार्फममध्ये अल्कोहोल वाढवून झालेली पातळ प्रत नाही. त्याच कल्पनेची वेगळी मांडणी आहे. अलीकडचे आणि आपल्याकडच्या तरुणांत भलतेच लोकप्रिय उदाहरण म्हणजे दिऑरचे सोवाज: २०१५ मध्ये ईडीटी, २०१८ मध्ये ईडीपी, २०१९ मध्ये पार्फम. नावे चढत्या भाजणीने लावली आहेत, पण ओळीने हुंगून पाहिले तर एकच वास गडद होत गेला असे वाटत नाही. ईडीटीत धार आणि चकाकी आहे, पार्फममध्ये चंदनी मऊपणा आहे. ज्याला पहिला आवडला त्याला तिसरा आवडेलच असे नाही.

कृती बदलण्यामागे रुची असते, तशीच एक सक्तीही असते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, त्वचेला ॲलर्जी किंवा उन्हात डाग आणू शकणाऱ्या द्रव्यांवर मर्यादा घालते. या मर्यादा तयार मालातल्या प्रमाणावर असतात, अर्कातल्या नव्हे. ओकमॉसचे उदाहरण पाहू. ओकच्या झाडावर वाढणारे हे दगडफूल, म्हणजे गोडा मसाल्यातल्या आपल्या दगडफुलाच्याच कुळातले, आणि कित्येक अभिजात परफ्यूमचा तळ त्यावर उभा आहे. तयार परफ्यूममध्ये त्याचा अर्क ०.१ टक्क्यापर्यंतच चालतो. ईडीटीत अर्क १० टक्के असेल, तर त्या अर्कात ओकमॉस १ टक्का घालता येते. पार्फममध्ये अर्क २५ टक्के झाला की तीच मर्यादा अर्काच्या ०.४ टक्क्यावर येते. म्हणजे एकूण अर्क अडीचपट वाढतो, पण ओकमॉस आहे तेवढेच राहते आणि इतरांच्या तुलनेत मागे पडते. रचनाकाराला ती पोकळी दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते आणि वासाचा चेहरा बदलतो. साध्या, दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलावरही अंगावर राहणाऱ्या मालासाठी ०.४ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणूनच आता उन्हात त्रास देणारे घटक काढून टाकलेले बर्गमॉट सर्रास वापरतात.

उलट बाजूने, ईडीटी म्हणजे हलकीच असते हाही गैरसमज आहे. एदमों रुदनित्स्का याचे ‘ओ सोवाज’, १९६६ चे, ओ द त्वालेत म्हणूनच आले आणि त्यातल्या हेडिओन या द्रव्याने जुईमोगऱ्याच्या जातीचा एक मोकळा, हवेशीर वास पुरुषांच्या परफ्यूममध्ये आणला. हेडिओन, अँब्रॉक्सान आणि तत्सम कृत्रिम द्रव्ये इतकी चिवट असतात की त्यांच्यावर बेतलेली ८-१० टक्क्यांची ईडीटी कपड्यावर दुसऱ्या दिवशीही येते, आणि लिंबाफुलांवर बेतलेली १८ टक्क्यांची ईडीपी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम तोडते. दुकानात हा अनुभव आला तर बाटली बनावट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर हा सगळा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, आणि कारण साधे आहे. कन्नौजच्या देग-भपक्याच्या पद्धतीत फुलांची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नाही, म्हणून त्याच्या प्रमाणाप्रमाणे ठरणाऱ्या प्रतीही नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरचे ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. त्या जगातला कारागीर द्रव्यांचे एकमेकांशी प्रमाण मोजतो, पातळपणा नाही. अत्तराचा फाया कानात ठेवणारा माणूस वापरतो ते शंभर टक्के. मात्र ते खोलीभर पसरत नाही, कारण अर्क बारीक तुषारांत फोडून मोठ्या पृष्ठभागावर पसरवण्याचे आणि पहिल्या झपाट्यात हवेत उधळण्याचे काम अल्कोहोल करते. बूच टेकवून लावलेले पार्फमही याच कारणाने ईडीटीच्या फवाऱ्यापेक्षा अंगाला जास्त धरून राहते. टिकणे आणि पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात दोन्हींना ‘स्ट्राँग’ हा एकच शब्द वापरतात.

आता किंमत. समजा, एका परफ्यूमची १०० मिलिलिटरची ईडीटी ६,००० रुपयांना आहे, तेवढीच ईडीपी ८,००० ला आणि ५० मिलिलिटरचे पार्फम ९,००० ला. हे भाव हिशेबापुरते आहेत. अर्क अनुक्रमे १०, १६ आणि २५ टक्के धरा. पहिल्या बाटलीत १० मिलिलिटर अर्क, म्हणजे मिलिलिटरला ६०० रुपये. दुसरीत १६, म्हणजे ५००. तिसरीत साडेबारा, म्हणजे ७२०. अर्काच्या भावाने पाहिले तर मधली बाटली सगळ्यात स्वस्त पडली, आणि ईडीपीवर दुकानांचा आणि ग्राहकांचा ओढा का असतो त्याचे एक कारण यात आहे. फवाऱ्याच्या हिशेबाने मात्र चित्र पालटते: एक फवारा सुमारे ०.१ मिलिलिटरचा धरला, तर तो ईडीटीचा सहा रुपयांना, ईडीपीचा आठला आणि पार्फमचा अठराला पडतो.

पण किमतीचा मोठा भाग अर्काचा नसतोच. काच, खोके, जाहिरात, दुकानाचा वाटा आणि कर यांत बहुतेक पैसा जातो. अर्काचा खर्चही टक्केवारीपेक्षा त्यात काय घातले आहे यावर अवलंबून असतो. एक किलो जाईचे ॲब्सोल्यूट काढायला सहा-सातशे किलो फुले लागतात. त्याच वळणाचा वास देणारे हेडिओन कारखान्यात तयार होते आणि त्याच्या तुलनेत किरकोळ भावात मिळते. अभिजात पार्फम महाग असण्याचे एक कारण हे आहे की महागडी नैसर्गिक द्रव्ये बहुधा याच प्रतीसाठी राखून ठेवली जातात. पण हा संकेतही सगळे पाळत नाहीत, आणि नावापुढे ‘इंटेन्स’ किंवा ‘एलिक्सिर’ जोडले की अर्कात काय बदलले हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

म्हणून तपासणी स्वतः करावी. आधी फवारा मोजावा, कारण नोझलप्रमाणे तो ०.०५ पासून ०.१५ मिलिलिटरपर्यंत काहीही असू शकतो. सोनाराकडे असतो तसा लहान डिजिटल काटा चालतो: बाटलीचे वजन घ्या, दहा फवारे बाहेर सोडा, पुन्हा वजन करा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ०.८५ ग्रॅमच्या आसपास घट आली तर फवारा ०.१ मिलिलिटरचा आहे. मग दोन जाडसर कागदी पट्ट्या घ्या. एकीवर ईडीपीचा एक फवारा, दुसरीवर त्याच नावाच्या ईडीटीचे दोन. अर्क आता जवळपास सारखा झाला. पट्ट्यांवर नाव आणि वेळ लिहा, त्या एकमेकींपासून लांब ठेवा, आणि दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी व दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. दोन्हींचा वास सारखाच उतरत गेला तर तुम्ही दुप्पट पातळपणासाठी किंवा दुप्पट दाटपणासाठी पैसे मोजत होता. वाटेत कुठे दोघींची चाल वेगळी झाली तर कृतीच वेगळी आहे, आणि मग आवडीचा प्रश्न उरतो. हीच चाचणी नंतर दोन्ही हातांवर करावी, कारण कागद गरम नसतो आणि त्याला घाम येत नाही. मे महिन्यातल्या मुंबईत हे अंतर लहान नसते. हुंगायला शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी बोलवावे आणि कुठल्या हातावर काय आहे ते त्याला सांगू नये.